पितळी झारीची पाटी अरबीत: नाव, सन आणि कारागिरीचा शब्द जसाच्या तसा

संग्रहालयातून परत आलं की फोनमध्ये दीड-दोनशे फोटो असतात. निम्मे वस्तूंचे आणि निम्मे त्यांच्या शेजारच्या पाट्यांचे. या पाट्या अरबी वाचणाऱ्यांसाठी पाच-सहा ओळींच्या मथळ्यात आणायच्या असतील, तर भाषांतर हा त्यातला लहान भाग असतो. खरी मेहनत तीन गोष्टी न हलवण्यात जाते: माणसाचं नाव, सन, आणि वस्तू कशी बनवली ते सांगणारा अभ्यासकांचा शब्द. हे तीन जागच्या जागी असले की उरलेलं वाक्य साधं असलं तरी चालतं. त्यातला एक जरी सरकला, तर कितीही गोड अरबी लिहिली तरी मथळा खोटा ठरतो.

हे सगळं एकाच वस्तूवर दाखवते, म्हणजे धागा सुटणार नाही. वस्तू आहे ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातली ‘ब्लाकास झारी’. पितळेची, सुमारे ३० सेंटिमीटर उंच, अंगभर चांदी आणि तांब्याचं काम. तिच्यावर कारागिराने स्वतःचं नाव, गाव, महिना आणि वर्ष कोरून ठेवलं आहे, त्यामुळे आपलं भाषांतर बरोबर की चूक हे तपासायला वस्तूच साक्षीदार मिळते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने अशाच, सन कोरलेल्या वस्तूपासून सुरुवात करावी.

फोटो घेतानाच अर्धं काम

क्रम ठरवून घ्या आणि तो कधी मोडू नका: आधी पूर्ण वस्तू, मग पाटी, मग वस्तूजवळ ठेवलेला छोटा आकडा. एका कपाटात नऊ वस्तू आणि एकच लांब पाटी असते तेव्हा पाटीवरचा ‘४’ म्हणजे नेमकी कोणती वस्तू हे त्या छोट्या आकड्यावरूनच कळतं. घरी आल्यावर आठवणीवर विसंबलात तर सुरईचा मजकूर तबकाला चिकटतो.

पाटीच्या अगदी जवळ जाऊ नका. दोन पावलं मागे या आणि मग झूम करा, म्हणजे कडेची अक्षरं वाकडी येत नाहीत. फ्लॅश बंद. काचेवर दिव्याची तिरीप पडत असेल तर फोन तिरका करण्याऐवजी स्वतः बाजूला सरका. फोटो घेतल्यावर तिथेच उभं राहून शेवटची ओळ मोठी करून वाचा. ती सगळ्यात बारीक टायपात असते, त्यात संग्रहक्रमांक असतो, आणि तो वाचता आला नाही तर पुढे पडताळणीचा रस्ताच बंद होतो. कपाटाच्या वरचा किंवा दालनाच्या तोंडाशी असलेला मोठा फलकही टिपा. राजवंशाची सुरुवात आणि शेवट बहुतेकदा तिथेच दिलेला असतो आणि वस्तूच्या पाटीवर नुसतं राजवंशाचं नाव असतं.

पाटी उतरवून घ्या, भाषांतर नंतर

फोटोतून अक्षरं ओळखणारं अ‍ॅप वापरायला हरकत नाही, पण त्याने दिलेला मजकूर फोटोशेजारी ठेवून एकदा बोट फिरवत वाचा. आकड्यांत १ आणि ७, ३ आणि ८ यांची अदलाबदल होते. त्याहून महागात पडतात त्या अक्षरांच्या बारीक खुणा. अरबी नाव रोमन लिपीत लिहिताना अभ्यासक ‘ऐन’साठी वर अर्धवर्तुळासारखी खूण घालतात, आणि काही व्यंजनांखाली टिंब देतात. टिंब असलेला ‘एस’ म्हणजे साद, नसलेला म्हणजे सीन. टिंब असलेला ‘टी’ म्हणजे त्वा, नसलेला म्हणजे ता. अ‍ॅप या खुणा सहज गाळतं, आणि त्या गळाल्या की अरबीत परत जायचा पूल तुटतो.

आता कागदावर पाच प्रश्नांची उत्तरं मातृभाषेत लिहून काढा. झारीची अशी होतात: काय आहे? झारी, ‘ब्लाकास’ या नावाने ओळखली जाणारी. कुणाची? शुजाअ बिन मनआ अल-मौसिली या कारागिराची. कुठली आणि कधीची? मोसुल, रजब महिना, हिजरी ६२९, म्हणजे इ.स. १२३२. कशाची? पितळ, वर चांदी आणि तांबं. कुठे आहे, कोणत्या क्रमांकाने? ब्रिटिश म्युझियम, `1866,1229.61`.

मूळ पाटी इंग्रजीत असली तरी मी ही पायरी मराठीत करते, आणि त्यामागे कारण आहे. आपल्याला पितळ आणि तांबं हे दोन वेगळे शब्द आयते मिळतात. अरबीत दोन्हींना `نحاس`, नुहास, म्हणतात. रंग सांगितल्याशिवाय फरक कळत नाही: पितळ म्हणजे नुहास अस्फर, पिवळा नुहास. तांबं म्हणजे नुहास अह्मर, लाल नुहास. शब्दकोशातून शब्द उचलत गेलं तर ‘चांदी आणि नुहासाने सजवलेला नुहास’ असं काहीतरी हाती येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं छपाईत चूक झाली आहे. मराठीत आधी विचार केला की ‘पितळेवर तांबं’ हे डोक्यात पक्कं असतं आणि रंग लिहायचा राहून जात नाही.

नाव ‘लिहायचं’ नाही, ‘परत न्यायचं’

परक्या नावाचं अरबीत लिप्यंतर करावं लागतं. ब्लाकास हे फ्रेंच सरदार घराण्याचं नाव, ते कानाला येतं तसं `بلاكاس` लिहिलं की झालं. पण शुजाअ बिन मनआ हे नाव मुळातच अरबी आहे. त्याचं एकच बरोबर रूप आहे, आणि ते झारीवर कोरलेलं आहे. आपण ते रोमन अक्षरांवरून नव्याने बनवायचं नाही, होतं तिथे परत न्यायचं:

```
شجاع بن منعة الموصلي
```

यात दोन ऐन आहेत, एक शुजाअच्या शेवटी आणि एक मनआच्या मधे. रोमन पाटीवरची अर्धवर्तुळं गळाली असतील तर दोन्ही ऐन गेले. आणि अल-मौसिलीतला ‘स’ हा साद आहे, कारण ते गावाचं नाव आहे आणि मोसुल अरबीत `الموصل` असं सादने लिहितात. अशी गावावरून आलेली आडनावं नवख्याला मोठा आधार देतात: गाव नकाशावर शोधा, त्याचं अरबी स्पेलिंग घ्या, आणि शेवटी ई जोडा.

‘बिन’बद्दल एक नियम मथळा लिहिणाऱ्याने हटकून लक्षात ठेवावा. दोन नावांच्या मधे तो अलिफाशिवाय `بن` असा लिहितात. पण तोच शब्द ओळीच्या सुरुवातीला आला तर अलिफासह `ابن` लिहायचा असतो. म्हणून कारागिराचं नाव एकाच ओळीत ठेवा. फोनच्या अरुंद पडद्यावर ओळ नेमकी बिनपाशी तुटली तर अरबी वाचणाऱ्याच्या डोळ्यात ते लगेच खुपतं.

गावांच्या नावांनाही हेच लागू आहे. पाटीवर ‘रोझेटा’ असेल तर अरबीत ते रशीद, `رشيد`. इजिप्तमधलं ‘थीब्ज’ म्हणजे तैबा, `طيبة`. ‘रोझेटा स्टोन’चं अरबी नाव हजर रशीद आहे. त्याचं ‘रोझीता’ असं लिप्यंतर केलं तर वाचणारा त्याच्या स्वतःच्या ओळखीच्या दगडाला ओळखत नाही. आणि पाटीवर ‘जझीरा’ हा ऐतिहासिक प्रदेश आला, टायग्रिस-युफ्रेटिसच्या वरच्या अंगाचा, तर नुसतं अल-जझीरा लिहू नका, कारण त्याचा सरळ अर्थ बेट असा होतो. अभ्यासक `الجزيرة الفراتية` लिहितात, म्हणजे युफ्रेटिसकाठची जझीरा, आणि मग शंका उरत नाही.

कारागिरीचा शब्द

इंग्रजी पाटीवर ‘इनले’ हा एकच शब्द लाकडातल्या हस्तिदंतासाठी, दगडातल्या शिंपल्यासाठी आणि पितळेतल्या चांदीसाठी वापरलेला असतो. अरबी कलेतिहासात तसं नाही. मी पहिल्यांदा या झारीला ‘मुतअ्अम’ लिहिलं होतं, आणि आमच्या अरबीच्या बाई वहीवर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, “अगं, हे लाकडाचं झालं. धातूला तकफीत म्हण.” तेव्हापासून माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर अशा जोड्यांची यादी आहे.

लाकडात हस्तिदंत किंवा शिंपला बसवला तर `تطعيم`, ततईम. धातूचा पृष्ठभाग खोदून, त्या खाचेत दुसऱ्या धातूचा पत्रा ठेवून, कडा ठोकून बसवला तर `تكفيت`, तकफीत. आणि तशी वस्तू ‘मुकफ्फत’. आपली झारी मुकफ्फत आहे. मातीच्या भांड्यांतही असाच फरक आहे. साधं भाजलेलं, चकाकी नसलेलं ते फख्खार, आणि वर काचेरी मुलामा असलेलं ते खझफ. खझफावर धातूसारखी झळाळी असेल तर `خزف ذو بريق معدني`, शब्दशः ‘धातूची चमक असलेलं खझफ’. काचेच्या दिव्यांवर मीना असेल तर `مموّه بالمينا`. सुरुवातीला एवढे शब्द पक्के झाले तरी इस्लामी दालनातल्या बऱ्याच पाट्या निघतात.

हे शब्द कुठे पडताळायचे? कोशात नव्हे, जिथे जाणकारांनीच अरबी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी लिहिलं आहे तिथे. लूव्र अबू धाबीच्या पाट्या अरबी, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असतात. ‘डिस्कव्हर इस्लामिक आर्ट’ या ऑनलाइन संग्रहात तीच नोंद इंग्रजीत आणि अरबीत वाचता येते. आपल्या वस्तूसारखीच वस्तू शोधा, तिचं अरबी पान उघडा, साहित्य आणि तंत्र या ओळी पाहा. दोन वेगळ्या ठिकाणी एकच शब्द सापडला की घ्या.

क्रियापदही कारागिरीचाच भाग असतं. झारीवरच्या कोरीव मजकुरात शुजाअने ‘अमल’, म्हणजे घडवलं, असं म्हटलेलं नाही. त्याने ‘नकश’ म्हटलं आहे: कोरलं, नक्षी केली. भांडं ठोकून आकाराला आणणारा हात दुसऱ्याचा असूही शकतो. पाटीवर मोघम ‘याने बनवलेली’ असं असलं तरी मी मथळ्यात मूळ शब्दाकडे जाते आणि `نقشه` लिहिते, ‘याने तिच्यावर नक्षी केली’. चार अक्षरांत कारागिराचा दावा होता तेवढाच राहतो, वाढत नाही.

सन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिली गोष्ट, पाटीवरचे सगळे चार आकडी अंक सन नसतात. झारीचा क्रमांक पुन्हा पाहा: `1866,1229.61`. ब्रिटिश म्युझियमच्या जुन्या पद्धतीत हे वस्तू संग्रहात आल्याचं टिपण आहे. १८६६ हे वर्ष, १२ वा महिना, २९ वी तारीख, आणि त्या नोंदीतली ६१ वी वस्तू. मी एकदा घाईत अशाच एका क्रमांकातला आकडा निर्मितीचं वर्ष समजून मथळ्यात टाकला होता आणि तो चार दिवस तसाच लोकांसमोर राहिला. या झारीच्या बाबतीत तर सापळा अजून वाईट आहे. १२२९ हे वर्ष तेराव्या शतकातलंच, खऱ्या सनापासून अवघी तीन वर्षं दूर. वाचणाऱ्याला खटकणारही नाही. म्हणून क्रमांकाची ओळ कागदावर वेगळ्या कोपऱ्यात लिहा आणि सनाच्या ओळीपासून लांब ठेवा.

दुसरी गोष्ट, हिजरी आणि इसवी. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, तसं हिजरीत होत नाही, कारण हिजरी वर्ष चांद्र असतं, सुमारे ३५४ दिवसांचं, आणि ते दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं. अंदाज तपासायला हे सूत्र पुरतं:

```
इसवी = हिजरी × 0.9702 + 621.58
629 × 0.9702 + 621.58 = 1231.84
```

उत्तराचा अर्थ असा की हिजरी ६२९ हे वर्ष १२३१ सालाच्या शेवटाकडे सुरू झालं. प्रत्यक्षात ते ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालं आणि पुढच्या ऑक्टोबरात संपलं. त्यामुळे नुसतं ‘हिजरी ६२९’ दिलेलं असेल तर इसवीत दोन वर्षं लिहावी लागतात, १२३१–१२३२. पण झारीवर रजब कोरलेला आहे. रजब हा सातवा महिना, म्हणजे तो १२३२ च्या एप्रिल-मेमध्ये येतो, आणि १२३१ आपोआप बाद होतं. एका महिन्याच्या नावामुळे एक वर्ष कमी झालं. म्हणून मथळा कितीही आखूड करायचा असला तरी रजब काढू नका.

मग एप्रिल-मेही लिहायचं का? मी लिहीत नाही. इसवी महिन्यांची अरबी नावं देशागणिक बदलतात. इराक-सीरियाकडे एप्रिलला नीसान म्हणतात, इजिप्तमध्ये अब्रील, ट्युनिशियात अफ्रील. हिजरी महिना सगळीकडे एकच. तोच ठेवा.

सूत्र फक्त पडताळ्यासाठी आहे, मथळ्यात नवा सन घालण्यासाठी नाही. पाटीवर फक्त इसवी शतक असेल तर स्वतःहून हिजरी शतक जोडू नका. इसवी तेरावं शतक हिजरी सातव्याशी जवळपास जुळतं, ५९७ ते ७०० असं येतं. पण इसवी दहावं शतक २८८ पासून ३९१ पर्यंत पसरतं, म्हणजे हिजरी तिसऱ्याची शेपटी आणि चौथ्याचा बहुतेक भाग. तिथे एक शतक लिहिलं की अभ्यासकाने न केलेलं विधान आपण त्याच्या तोंडी घातलं.

तिसरी गोष्ट, छोट्या खुणा. हिजरीला `هـ`, इसवीला `م`, इसवीसनपूर्वला `ق.م`. पाटीवरचा ‘सर्का’, म्हणजे ‘सुमारे’, अरबीत `نحو` किंवा `تقريبًا` असा यायलाच हवा. तो शब्द गाळला तर अंदाज खात्री होऊन बसतो. राजाच्या नावापुढे कंसात दोन सन असतील तर ते जन्म-मृत्यूचे आहेत की राज्यकाळाचे हे पाहा. राज्यकाळाचे असतील तर त्यांच्या आधी `حكم`, हकम, लिहा. फक्त मृत्यूचं वर्ष असेल तर `ت`, म्हणजे तुवुफ्फी, निधन पावला.

आणि आकडे कोणते वापरायचे? मोरोक्को-ट्युनिशियाकडचे वाचक `629` वाचतात, इजिप्तपासून पूर्वेला `٦٢٩` देखील चालतं. एक निवडा आणि सगळ्या मथळ्यांत तेच ठेवा. मराठी डोळ्यांना पौर्वात्य अरबी आकडे फसवतात हे मात्र ध्यानात असू द्या. त्यांचा पाच, `٥`, आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचा नऊ, `٩`, आपल्या एकसारखा. `٦٢٩` पटकन वाचताना शेवटी १ दिसतो. तपासताना मी हे आकडे मोठ्याने अरबीत उच्चारते. नजर चुकली तरी ‘तिस्आ’ म्हणताना जीभ अडते. संग्रहक्रमांकाचे आकडे मात्र कधीच बदलू नका; तो शोधायचा असतो, वाचायचा नसतो.

मथळा लिहायला घ्या

माझी मर्यादा सहा ओळी आणि तीस-पस्तीस शब्द. वस्तू, माणूस, गाव आणि सन, साहित्य, एक वाक्य, क्रमांक. पाटीवर यापेक्षा जास्त असतंच: ड्यूक द ब्लाकास कोण, संग्रह कसा विकत घेतला, भांड्यावर कोणते प्रसंग कोरले आहेत. ते सगळं आणायचा मोह होतो. पण एक वाक्य निवडायचं तर असं निवडा, जे फक्त याच वस्तूबद्दल खरं आहे. ‘सुंदर नक्षी असलेली’ हे शंभर झाऱ्यांना लागू पडतं. या झारीबद्दल मात्र एक गोष्ट अशी आहे: मोसुलमध्ये काम झालं असं स्वतःच्या अंगावर सांगणारी दुसरी मुकफ्फत वस्तू आज शिल्लक नाही. ते वाक्य ठेवलं.

```
إبريق بلاكاس
نقشه شجاع بن منعة الموصلي
الموصل، رجب 629هـ / 1232م
نحاس أصفر مكفّت بالفضة والنحاس الأحمر
لم تصلنا تحفة مكفّتة أخرى يذكر نقشها أنها عُملت بالموصل.
المتحف البريطاني 1866,1229.61
```

पहिल्या मसुद्यात पाचवी ओळ `تم`ने सुरू होत होती, म्हणजे ‘तिचं बनवणं पूर्ण झालं’ अशा धाटणीची. इंग्रजी कर्मणि वाक्य अरबीत ओढून आणताना हा शब्द हमखास येतो आणि वाक्य कचेरीच्या पत्रासारखं वाजतं. अरबीत क्रियापदाचंच कर्मणि रूप आहे, `عُملت`. त्याच्या पहिल्या अक्षरावर पेश दिला आहे, कारण तो नसेल तर वाचणारा क्षणभर ‘तिने काम केलं’ असं वाचेल. स्वरचिन्हं एवढ्यासाठीच वापरा. प्रत्येक अक्षरावर चढवली तर मथळा पाठ्यपुस्तकासारखा दिसतो. ‘मुकफ्फत’वरची शद्दा मी ठेवली, कारण हा शब्द बऱ्याच वाचकांना नवा असतो आणि तो नीट उच्चारता यावा.

वस्तूसाठी `تحفة`, तुह्फा, हा शब्द घेतला आहे. अरबीत संग्रहालयाला मतहफ म्हणतात, ते याच धातूवरून आलं. ‘चीज’, ‘तुकडा’ अशा अर्थाच्या इतर शब्दांपेक्षा तो इथे आपल्या घरी असतो.

पडद्यावर आकडे उलटतात तेव्हा

कागदावर सगळं बरोबर असूनही पडद्यावर बिघडू शकतं. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, आकडा स्वतः डावीकडून उजवीकडे, आणि मधली विरामचिन्हं कुणाच्या बाजूने जायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. आपल्या झारीच्या क्रमांकात स्वल्पविराम आणि टिंब आहे. दोन आकड्यांमधे ही चिन्हं आली तर ती आकड्याचाच भाग धरली जातात, म्हणून तो क्रमांक शाबूत राहतो. पण काही संग्रहालयांचे क्रमांक आडव्या रेघेचे असतात, समजा `312-1900`. अरबी अक्षरानंतर असा क्रमांक टाइप केला की रेघ आकड्यांना जोडून ठेवत नाही. दोन तुकडे उजवीकडून मांडले जातात आणि पडद्यावर ‘1900-312’ दिसतं. टाइप बरोबर, दिसतं चूक. वेबपानावर उपाय असा:

```
رقم <bdi dir="ltr">312-1900</bdi>
```

साध्या मजकुरात क्रमांकाच्या लगेच आधी `U+200E` हे न दिसणारं चिन्ह घातलं की तेच काम होतं.

सनांच्या पल्ल्याला हाच घोळ वेगळ्या रूपात छळतो. निनेवेच्या उत्तर राजवाड्यातला आशुरबनिपालच्या सिंहाच्या शिकारीचा शिल्पपट घ्या. त्याचा काळ सुमारे इ.स.पू. ६४५–६३५. इसवीसनपूर्व काळात मोठा आकडा आधी येतो, हे आधीच उलटं वाटतं. त्यात अरबी ओळीत रेघेने लिहिलं तर मोठा आकडा उजवीकडे दिसतो, आणि रेघ साधी असेल व ओळ आकड्यानेच सुरू होत असेल तर तो डावीकडे जातो. एकाच पानावर दोन मथळे दोन दिशांनी! मी अशा ठिकाणी रेघ टाकतच नाही. शब्द लिहिते, ‘६४५ आणि ६३५ यांच्या दरम्यान, अंदाजे’:

```
لوح جداري: آشوربانيبال يصيد الأسود
القصر الشمالي، نينوى
بين 645 و635 ق.م تقريبًا
```

शब्द दिशा बदलत नाहीत, आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं तरी अर्थ तोच राहतो.

मथळा पाठवण्याआधी तो जिथे वाचला जाणार आहे त्याच पडद्यावर उघडा आणि पाटीचा फोटो शेजारी ठेवा. आधी क्रमांक जुळवा, एकेक अंक बोटाने. मग तो क्रमांक संग्रहालयाच्या ऑनलाइन शोधात टाका. आपल्याच झारीचा फोटो समोर आला तर वस्तू आणि पाटी यांची जोडी पक्की. मग सन, मग नावातले ऐन आणि साद. शेवटी फोन आडवा-उभा करून पाहा, कारागिराचं नाव मधेच तुटत नाही ना. तुटत असेल तर त्या ओळीचा टाइप थोडा लहान करा, पण `بن` ओळीच्या तोंडाशी जाऊ देऊ नका.